३१ मे आणि सव्वाशे उत्तरं

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या आणि सरकारी नोकरीतला सर्वांत मोठा निरोपाचा दिवस म्हणजे ३१ मे. त्याचं कारण शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत सापडतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी खेड्यातल्या कितीतरी घरांत मुलाच्या जन्माची लेखी नोंद नसे. बाप पोराचा हात धरून शाळेत येई, "असेल सहाएक वर्षांचं" म्हणे, आणि गुरुजी वय बसेल अशा बेतानं तारीख लिहीत. शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून तारीख १ जून. ती पोरं पुढे शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक झाली. नोकरीची मर्यादा ५८ वर्षांची. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, असा नियम. त्यामुळे कागदावरच्या सगळ्या १ जूनवाल्यांची सेवा ३१ मेला संपते, आणि एकेका तालुक्यात त्या दिवशी निवृत्तांची रांगच लागते.

शिक्षकांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट येते. ३१ मेला शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते. निरोप समारंभ एप्रिलअखेरीस उरकलेला असतो किंवा त्या दिवशी एखाद्या सभागृहात तालुक्यातल्या सगळ्यांचा मिळून होतो. सहकारी गावी गेलेले, कुणी लग्नात, कुणी प्रवासात. समोरासमोर जे बोलायचं ते फोनवर येतं. सकाळी सहापासून फोन वाजायला लागतो आणि रात्रीपर्यंत थांबत नाही.

या प्रकरणासाठी आपण अशाच एका बाईंना डोळ्यांसमोर ठेवू. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका, चार गावांत मिळून तेहतीस वर्षांची नोकरी. रात्री त्या फोन हातात घेतात तेव्हा सव्वाशेच्या आसपास मेसेज आहेत: शिक्षकांच्या तीन ग्रुपवर, माजी विद्यार्थ्यांच्या एका ग्रुपवर, आणि उरलेले थेट त्यांच्या नावे. निम्म्याहून अधिक मजकूर सारखाच आहे. गुलाबाचा गुच्छ, 'सेवापूर्तीच्या हार्दिक शुभेच्छा', 'पुढील आयुष्य सुखासमाधानाचे व निरामय जावो'. बाईंना प्रत्येकाला उत्तर द्यायचं आहे, आणि प्रत्येक उत्तर त्या माणसाचं असावं अशी इच्छा आहे.

पहिली दहा उत्तरं बरी जातात. पंधराव्याला बोटं आपोआप तेच लिहितात: 'मनःपूर्वक धन्यवाद. आपले सहकार्य सदैव स्मरणात राहील.' विसाव्यापासून त्या आधीचंच उत्तर कॉपी करून चिकटवू लागतात.

असं होण्याचं कारण शब्दसंपत्ती कमी असणं हे नसतं. मराठीचे उत्तम शिक्षकही इथे अडतात. अडतात ते सुरुवातीपाशी. उत्तर लिहिताना आपण आपल्या मनातल्या भावनेपासून सुरुवात करतो, आणि त्या दिवशी मनातली भावना एकच असते: कृतज्ञता, थोडा गहिवर. ती सव्वाशे वेळा सांगायला गेलं की फक्त विशेषणं बदलत राहतात. 'मोलाचे', 'अनमोल', 'अविस्मरणीय', 'शब्दांत न मावणारे'. विशेषणं फार लवकर संपतात, आणि संपण्याआधी फुगतात. ज्या सहकाऱ्याशी वर्षातून दोनदा केंद्राच्या बैठकीत भेट व्हायची त्याला 'आपले ऋण या जन्मी फिटणार नाही' असं लिहून जातं. वाचणाऱ्याला ते जाणवतं.

भावना एक असली तरी माणसं सव्वाशे आहेत, आणि प्रत्येकाशी बाईंचं काहीतरी निराळं घडलेलं आहे. म्हणून उत्तराची सुरुवात त्या माणसापासून करायची. नेमकं सांगायचं तर एखाद्या वस्तूपासून, प्रसंगापासून किंवा कामापासून, जी फक्त त्या दोघांमध्ये आहे. नवोदयच्या परीक्षेला मुलं घेऊन जाताना बंद पडलेली जीप. चौथीच्या वर्गातली गळकी कौलं. एकीनं शिकवलेली लसणाची चटणी. अशा गोष्टी दुसऱ्या माणसाच्या उत्तरात जाऊच शकत नाहीत, त्यामुळे पुनरुक्ती टाळण्याचे वेगळे कष्ट पडत नाहीत.

यासाठी फोन बाजूला ठेवून एक वही घ्यावी लागते. हे काम मेसेज येण्याच्या आधी झालं तर फारच उत्तम. निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात एकेका शाळेचं नाव वर लिहायचं, खाली माणसांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे दोन-तीन शब्द. वाक्य नको. 'जीप', 'कौलं', 'मुलीचं ऑपरेशन', 'गणितपेटी'. बाईंच्या वहीत चार गावांची चार पानं झाली. ज्या नावापुढे काहीच सुचलं नाही तिथे जागा कोरी सोडली. ती कोरी जागाही उपयोगाची असते, कारण या व्यक्तीला लहान आणि साधं उत्तर जाणार हे तिथेच ठरतं.

मेसेज आल्यावर ते तीन ढिगांत वेगळे करायचे. पहिल्या ढिगात ज्यांनी स्वतःच एखादी आठवण लिहिली आहे ते. दुसऱ्यात ज्यांनी ठरीव मजकूर पाठवला, पण ज्यांच्या नावापुढे वहीत काही आहे ते. तिसऱ्यात ठरीव मजकूर आणि कोरी जागा. फोनवर हे करायला सोपी सोय आहे. पहिल्या दोन ढिगांतल्या मेसेजवर बोट दाबून धरून त्याला तारा लावायचा. सगळे तारांकित मेसेज एका जागी दिसतात, आणि तीच कामाची यादी होते. वाचलेला पण उत्तर न दिलेला मेसेज खाली सरकून हरवतो. निरोपाच्या उत्तरांत सर्वाधिक चुका इथेच होतात, आणि राहून जातो तो नेमका जवळचा माणूस, कारण त्याला सवडीनं लिहायचं म्हणून आपण थांबलेलो असतो.

पहिला ढीग सर्वांत सोपा, कारण उत्तराचं बीज समोरच्यानंच दिलेलं असतं. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी आता जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे. तिनं लिहिलं: 'बाई, चौथीला माझ्या शिष्यवृत्ती परीक्षेची फी तुम्ही भरली होती. घरी कुणाला सांगितलं नाहीत. मी विसरले नाही.' बाईंनी आधी लिहिलं होतं, 'धन्यवाद बाळा, तुझ्यासारख्या विद्यार्थिनींमुळेच नोकरीचे सार्थक झाले.' हे उत्तर वीस जणींना जाऊ शकलं असतं. मुलीनं एक दार उघडलं होतं आणि हे वाक्य बाहेरूनच परत फिरत होतं. मग त्यांनी ते खोडून असं लिहिलं:

'फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तू वर्गाच्या दारात उभी होतीस आणि आत यायला तयार नव्हतीस, ते मला आठवतंय. फीचं काही मनावर घेऊ नकोस. पेपर तू सोडवलेस. आता रात्रपाळी असते का? जेवणाच्या वेळा सांभाळ गं.'

यात 'धन्यवाद' हा शब्द नाही, तरी आभार पोचतात. मुलीच्या आठवणीला बाईंनी आपल्या बाजूचा एक तुकडा जोडला आहे, जो मुलीला माहीत नव्हता किंवा बाईंना आठवत असेल असं वाटलं नव्हतं. आठवणीच्या मेसेजला उत्तर देण्याची ही सर्वांत खात्रीची रीत आहे. त्यांनी सांगितलेली गोष्ट परत त्यांनाच सांगायची नाही. त्याच प्रसंगाचा आपल्याकडून दिसलेला भाग द्यायचा. शेवटी एक प्रश्न त्यांच्या आजच्या आयुष्याबद्दल, म्हणजे बोलणं भूतकाळातच अडकत नाही. मात्र प्रश्न प्रत्येकाला विचारू नये. सव्वाशे प्रश्न विचारले की सव्वाशे उत्तरं परत येतात, आणि त्यांना पुन्हा उत्तर देणं भाग पडतं. ज्यांच्याशी खरंच बोलणं चालू राहावं असं वाटतं, त्यांनाच प्रश्न.

आता एक अवघड प्रकार. एका तरुणानं लिहिलं, 'बाई, तुम्ही मला घडवलंत, तुमचा छडीचा मार आजही आठवतो, ओळखलंत ना?' आणि बाईंना तो आठवत नाही. तेहतीस वर्षांत हजारभर मुलं हाताखालून गेलेली असतात. इथे मोह होतो तो 'अरे, तुला कसा विसरेन' असं लिहिण्याचा. तसं लिहू नये. पुढच्या मेसेजात तो विचारतो, 'मग सांगा बरं कोणत्या वर्गात होतो?' आणि सगळं उघडं पडतं. त्यापेक्षा:

'नाव वाचलं आणि चेहरा नेमका समोर येईना. वय झालं आता. कोणत्या गावच्या शाळेत होतास आणि कुणाशेजारी बसायचास ते सांग, म्हणजे लगेच आठवेल. छडीचा राग मनात नाही ना राहिला?'

शेजारी बसणाऱ्याचं नाव विचारणं ही शिक्षकांना ठाऊक असलेली युक्ती आहे. मुलं एकेकटी आठवत नाहीत, बाकावरची जोडी आठवते. बहुतेक वेळा दुसऱ्या नावाबरोबर पहिलाही आठवतो. आणि नाहीच आठवला, तरी मुलाला खोटं उत्तर मिळालेलं नसतं.

दुसरा ढीग मोठा असतो. इथे मेसेज ठरीव, पण नातं खरं. या ढिगातल्या उत्तरांना पहिलं वाक्य वहीतून मिळतं. केंद्रप्रमुखांनी पाठवलं होतं, 'आपण केंद्रासाठी दिलेल्या योगदानाबद्दल आभार. आपणास निरामय दीर्घायुष्य लाभो.' वहीत त्यांच्या नावापुढे 'गणितपेटी' लिहिलं होतं. उत्तर असं झालं:

'आदरणीय सर, आमच्या शाळेची गणितपेटी आपण शिक्षण परिषदेत मांडायला लावलीत, म्हणून ती केंद्रातल्या इतर शाळांपर्यंत पोचली. माझ्या एकटीच्यानं ते झालं नसतं. चार्जची यादी आणि यू-डायसची माहिती नव्या मुख्याध्यापकांकडे दिली आहे. काही राहिलं असेल तर याच नंबरवर कळवावं. मनःपूर्वक आभार.'

वरिष्ठांना लिहिताना 'आपण' शेवटपर्यंत टिकवावं लागतं. अर्ध्यात 'तुम्ही' झालं की घाई दिसते. त्यांना भावनेपेक्षा कामाची एक ओळ अधिक पसंत पडते, आणि चार्ज व्यवस्थित दिल्याची खात्री हीच त्यांच्या दृष्टीनं सौजन्याची खूण असते. याउलट वर्षभरापूर्वी शिक्षण सेवक म्हणून लागलेल्या तरुण सहकारी मुलीला लिहिताना सूर पूर्ण बदलतो:

'अगं, तिसरीच्या वर्गातल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात वाचनाच्या चिठ्ठ्यांचा डबा आहे. तो आता तुझा. पहिल्या आठवड्यात मुलं गोंधळ घालतील, दुसऱ्या आठवड्यात आपणच चिठ्ठ्या मागतील. मला आजच्या मेसेजमध्ये सर्वांत जास्त आवडलं ते तू शाळेबद्दल लिहिलेलं वाक्य.'

ही दोन्ही उत्तरं एकाच बाईंची, एकाच रात्रीची, आणि त्यांत एक वाक्यही सारखं नाही. त्यासाठी बाईंना प्रतिभा लागली नाही. मराठीत माणसागणिक बोलण्याचा सूर आपसूक बदलतो: गटशिक्षणाधिकाऱ्यांशी आपण एक बोलतो, शेजारच्या वर्गाच्या सरांशी दुसरं, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींशी तिसरं. फोनवर लिहिताना मात्र आपण तो सूर टाकून सगळ्यांशी परिपत्रकाच्या भाषेत बोलू लागतो. 'आपले बहुमूल्य सहकार्य लाभले' हे वाक्य बाई शाळेत कुणालाही तोंडानं बोलल्या नव्हत्या. लिहिण्याआधी ते वाक्य त्या माणसासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणून पाहावं. जीभ अडखळली तर ते बदलावं.

मावशींचा मेसेज त्यांच्या मुलाच्या फोनवरून आला होता: 'आई म्हणते बाईंना नमस्कार सांग.' याला लिहून उत्तर देणं म्हणजे मुलाला उत्तर देणं. बाईंनी आवाजी संदेश पाठवला, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा: 'मावशी, मी बाई बोलतेय. तुमचा नमस्कार पोचला. पावसाळ्यात चूल पेटत नसताना तुम्ही ओल्या लाकडांवर खिचडी केलीत, पोरं एकही दिवस उपाशी राहिली नाहीत, हे मी सगळीकडे सांगत असते. गुडघ्याला तेल लावताय ना?' आवाजी संदेश सगळ्यांना पाठवू नये. कामात असलेल्या माणसाचा तो ऐकायचा राहून जातो. पण जो वाचणार नाही, किंवा ज्याला तुमचा आवाजच हवा आहे, त्याच्यासाठी तो पत्रापेक्षा चांगला. उत्तरांचा क्रम लावताना मावशी, शिपाई मामा, रिक्षावाले काका यांना वर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. वरिष्ठांना उत्तर उशिरा गेलं तर ते कामाचा व्याप समजतात. या माणसांना उशीर झाला तर आपल्याला गाळलं असंच वाटतं, आणि ती बोलूनही दाखवत नाहीत.

एक मेसेज होता नुसता: 'शुभेच्छा मॅडम.' पाठवणाऱ्या सरांशी वर्गवाटपावरून दोन वर्षं अबोला होता. तिसरा शब्दही न लिहिता त्यांनी मेसेज पाठवला, यातच त्यांची पुढाकार घेण्याची तयारी दिसते. बाईंनी आधी लिहिलं: 'सर, आपल्यात मतभेद झाले, पण माझ्या मनात काही नाही.' हे वाक्य वरवर उदार वाटतं. वाचणाऱ्याला मात्र ते भांडण पुन्हा उघडल्यासारखं लागतं, शिवाय 'मी माफ केलं' असा सूर येतो. शेवटच्या दिवशी जुना हिशेब मांडून मिटवता येत नाही, कारण समोरच्याला त्याची बाजू मांडायला आता शाळाच उरलेली नसते. बाईंनी ते काढलं आणि जे खरं होतं आणि ज्यावर वाद नव्हता ते लिहिलं: 'सर, तुमचा मेसेज वाचून बरं वाटलं. तुमच्या वर्गाचं वाचन कायम तालुक्यात पुढे असायचं. नव्या वर्षातही तसंच राहू दे.' इतकंच पुरे. अशा ठिकाणी लांबी वाढली की काहीतरी चुकतंच.

त्याच दिवशी निवृत्त होणाऱ्यांचे मेसेजही येतात, कारण तारीख सगळ्यांची एकच. त्यांना शुभेच्छांचं उत्तर शुभेच्छांनी दिलं तर दोन आरसे समोरासमोर ठेवल्यासारखं होतं. अशा वेळी दोघांच्या समोर असलेल्या एखाद्या कामाबद्दल लिहावं. 'सर, निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावात तुमची सेवापुस्तकाची पडताळणी पूर्ण झाली का? माझी १९९८ ची एक नोंद सापडत नव्हती, ती जुन्या पंचायत समितीत मिळाली. तुमचं काही अडलं असेल तर सांगा, तिथल्या लिपिकांचा नंबर देते.' त्या दिवशी तालुक्यात याहून आपुलकीचं उत्तर क्वचितच कुणाला मिळालं असेल.

तिसरा ढीग म्हणजे गुच्छ आणि पणत्यांची चित्रं. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. ठरीव मजकुराला ठरीव पण छोटं उत्तर द्यायला हरकत नाही. 'आभारी आहे, सर. घरी सगळ्यांना नमस्कार.' हे तीस जणांना गेलं तरी कुणाचा अपमान होत नाही. पाठवणाऱ्यानंही आपल्याकडची एक बोटभर कृतीच केलेली असते आणि त्याची अपेक्षाही तेवढीच असते. दुखावतं ते लांब उत्तर कॉपी केलेलं. लांब मजकूर पाहिला की वाचणारा तो आपल्यासाठीच लिहिला असं धरून चालतो. मग शेजारच्या खुर्चीवरची बाई आपला फोन दाखवते आणि दोघींच्या फोनवर 'आपल्या सहवासातील प्रत्येक क्षण माझ्या हृदयात कोरला गेला आहे' हे अक्षरशः सारखं निघतं. शिक्षकांच्या बाबतीत हे फार सहज घडतं. एकाच शाळेतले चार जण रोज एकाच गाडीनं येतात, आणि जूनमध्ये शाळा उघडताच पहिल्या दिवशी डब्याच्या वेळी निरोपाचाच विषय निघतो. म्हणून पुनरुक्तीची काळजी सव्वाशे जणांत समान वाटून घेऊ नये. एका शाळेतली, एका घरातली, एका गाडीतली माणसं ओळखावीत आणि त्यांची उत्तरं एकत्र समोर ठेवून वाचावीत. वेगवेगळ्या तालुक्यांतल्या दोघांना एक वाक्य सारखं गेलं तर ते कधी कुणाला कळणारही नाही, आणि कळलं तरी त्यात गैर काही नाही.

ब्रॉडकास्टची सोय पाहून कुणाला वाटेल की तिसरा ढीग एका झटक्यात उरकेल. तो संदेश ज्यांच्या फोनमध्ये बाईंचा नंबर साठवलेला आहे त्यांनाच पोचतो. माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जणांकडे तो नसतो. त्यांना वाटत राहतं की बाईंनी उत्तर दिलं नाही, आणि बाईंना वाटत राहतं की दिलं.

ग्रुपवरची बाब निराळी. तिथे सत्तर जणांनी एकाखाली एक शुभेच्छा दिल्या आहेत म्हणून सत्तर वेळा उत्तर देऊ नये. इतरांचे फोन वाजत राहतात, आणि खाली जाता जाता बाईंची उत्तरं लहान होत जातात, हेही सर्वांना दिसतं. पहिल्याला तीन ओळी आणि साठाव्याला फक्त जोडलेले हात. ग्रुपवर एकच मजकूर टाकावा, तोही दिवसाच्या शेवटी. त्यात व्यक्तींची नावं नकोत. नावं घेतली की एक सुटतंच, आणि सुटलेलं नाव सर्वांसमोर सुटतं. नावांऐवजी सगळ्यांनी मिळून केलेलं एखादं काम घ्यावं. बाईंनी केंद्राच्या ग्रुपवर लिहिलं:

'सर्वांच्या शुभेच्छा वाचल्या. कोरोनाच्या काळात आपण केंद्रातल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन ओट्यावर, देवळात, झाडाखाली वर्ग घेतले, त्या वर्षाइतकं मी कधी शिकले नाही. ते सगळ्यांनी मिळून केलं होतं. ज्यांनी स्वतंत्र लिहिलं आहे त्यांना मी येत्या आठवड्यात स्वतंत्र लिहिणार आहे. आज घरी पाहुणे आहेत.'

शेवटच्या दोन वाक्यांमुळे बाईंना आठ दिवस मिळाले. ज्यांनी ग्रुपवरच काही खास लिहिलं होतं, त्यांना `Reply privately` वापरून त्यांच्याच मेसेजला धरून स्वतंत्र उत्तर देता येतं. मूळ मजकूर वर दिसतो, त्यामुळे कशाबद्दल बोलतोय ते वेगळं सांगावं लागत नाही. एका बैठकीत पंधरा-वीस उत्तरांच्या पुढे जाऊ नये. त्यानंतर सगळ्यांचा चेहरा एक व्हायला लागतो. थकवा ओळखायची खूण अशी: वहीत न पाहताच उत्तर सुचायला लागलं की थांबायचं. आणखी एक तपासणी उपयोगी पडते. उत्तर लिहून झाल्यावर वरचं नाव झाकून वाचायचं. ते दुसऱ्या कुणालाही पाठवता येईल असं वाटलं तर वहीतला शब्द त्यात उतरलेला नाही.

वचनांच्या बाबतीत मात्र फार जपून असावं. 'कधीही हाक मारा, येईन', 'दर महिन्याला शाळेत चक्कर मारीन', 'तुमच्या गावी नक्की येते'. गहिवरात ही वाक्यं विशेषणांपेक्षाही सहज येतात आणि उत्तराला छान शेवट देतात. पण ती चाळीस जणांना गेली की चाळीस घरी जाणं होत नाही, आणि नव्या मुख्याध्यापकांना जुन्या बाईंच्या फेऱ्या अवघड जातात, हेही खरं. बाईंनी वहीत वचनांसाठी शेवटचं एक पान ठेवलं. त्यात तीनच नोंदी झाल्या: एका मुलीचं लग्न, एका शाळेचं वाचनालय लावणं, आणि त्या परिचारिकेकडे एकदा जेवायला जाणं. उरलेल्या उत्तरांत वचन नव्हतं, आणि त्यामुळे ती कमी आपुलकीची वाटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी १ जून. आदल्या दिवशीचे निम्मेही झालेले नसताना वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पूर येतो, आणि बहुतेक जण तेच असतात. बाईंसारख्या अनेकांचा खरा वाढदिवस हा नसतोच, तो कुठल्यातरी पोळ्याच्या किंवा पंचमीच्या आसपासचा असतो. तरीही त्या शुभेच्छा परत करता येत नाहीत. इथे एक सवलत घ्यावी. ज्यांनी दोन्ही दिवशी लिहिलं त्यांना एकच उत्तर, निवृत्तीच्या मेसेजला जोडून, आणि त्यात वाढदिवसाचा उल्लेख एका वाक्यात. ज्यांनी फक्त वाढदिवसाचं लिहिलं त्यांना तारखेची गोष्ट सांगता येते: 'गुरुजींनी लिहिलेला वाढदिवस आहे, पण त्यांनी लिहिला म्हणून शाळेत आले.' हे वाक्य मात्र एकदाच वापरावं. दुसऱ्यांदा वापरलं की तेही परिपत्रक होतं.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा उशिराचे मेसेज येऊ लागतात. काहींना निवृत्तीचं तेव्हाच कळतं, काहींनी सुट्टीत फोन पाहिलेला नसतो. त्यांना मेअखेरीचा सूर लावू नये. तोवर बाईंचा पेन्शनचा प्रस्ताव पुढच्या टेबलावर गेलेला असतो, मावशींचा गुडघा दाखवून झालेला असतो, आणि त्यांच्या जागी आलेले सर पहिल्या दिवशी मुलांना गुलाब देऊन प्रवेशोत्सव करत असतात. अशा उत्तरात आजचं लिहावं: 'उशीर कसला? आजच शाळेचा पहिला दिवस होता ना? पहिलीत किती मुलं आली ते कळव.'